म्हाताऱ्या बॅटरीला बाशिंग

आधीच सांगते, ही गोष्ट शब्दन् शब्द खरी आहे. एक अक्षर जरी खोटं निघालं तर माझी कवळी चारचौघांत बाहेर पडू दे. मागे ती पाल आणि पोस्टमनची गोष्ट सांगितली होती, तिला मी थोडं तेलमीठ लावलं होतं, कबूल. हिला नाही. ही मी डोळ्यांनी पाहिली, मागच्या सीटवर बसून, आणि त्या बसण्यानं धरलेली माझी कंबर अजून सुटलेली नाही. याहून मोठा पुरावा काय द्यायचा?

तर आमचं खाली गॅरेज आणि वर घर. मुलगा बोटीवर इंजिनं सांभाळतो, म्हणजे घरी पाहुण्यासारखा येतो. गॅरेज सून चालवते. माझ्याकडे फोन. काचेच्या केबिनमध्ये बसायचं, फोन उचलायचा, आणि "गाडी संध्याकाळी मिळेल" असं सांगायचं. संध्याकाळ कुठली ते सांगायचं नाही, हे मला सुनेनं पहिल्याच दिवशी शिकवलं. हाताखाली एक मेकॅनिक आहे, त्याला सगळे मुका म्हणतात, कारण तो झोपेतसुद्धा बोलतो.

त्या दिवशी सकाळी गॅरेजात दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या, रंगही तोच राखाडी. जुळ्या बहिणी म्हणा ना. एक आमच्या वन्संची. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण, उभा जन्म शाळेत मुख्याध्यापिका होत्या. आता शाळा सुटली, पण शिकवणं काही सुटलं नाही. दुसरी गाडी ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांची, टपावर शिकाऊचा फलक लावलेली.

त्या दुसऱ्या गाडीत माझी नात बसली होती. भिंगरी. पायाला चाक, म्हणून भिंगरी. पण त्याच भिंगरीला गाडीचं लायसन काही मिळत नव्हतं. दोनदा नापास. गाडी उत्तम चालवते हो, पण मागून कोणी हॉर्न मारला की तिचे हातपाय गळतात. पहिल्यांदा चौकात गाडी बंद पाडली, दुसऱ्यांदा खांबाला पापी दिली. आणि त्या दिवशी दुपारी तिसरी परीक्षा. रक्तपेढीच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून तिला घ्यायचं ठरलं होतं. पेढीच्या बाईंनी तिला सांगून ठेवलं होतं, "आज पास झालीस तर गाडी तुझी. नाहीतर आम्हाला थांबता येणार नाही, दुसरा माणूस तयार आहे." पोरगी चार रात्री जेवली नव्हती नीट. तिला दुसरं काही करायचंच नव्हतं. लहानपणापासून त्या रक्ताच्या गाडीला रस्ता मिळताना बघून म्हणायची, "आजी, हिला सगळे वाट देतात." 

आता बॅटरीचं सांगते, कारण सगळं रामायण त्यावर आहे. मलाही हे सुनेनंच सांगितलेलं, आणि तिला दोनदा सांगावं लागलं.

या नव्या गाड्या सिग्नलला उभ्या राहिल्या की आपलं आपण इंजिन बंद करतात. गाडी न्यूट्रलला टाकून क्लच सोडला की इंजिन गप्प. पुन्हा क्लच दाबला की चालू. त्याला स्टार्ट-स्टॉप म्हणतात. पेट्रोल वाचतं. पण दिवसातून पन्नासदा सेल्फ मारायचा म्हणजे बॅटरी तशी दणकट हवी, आणि गाडीला तिच्या तब्येतीची खबर हवी. म्हणून बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर एक छोटा सेन्सर असतो. वीज किती आली, किती गेली, बॅटरी किती तापली, सगळ्यावर त्याची नजर. गाडी त्यावरून मनाशी ठरवते की ही बॅटरी तरुण आहे की थकली. थकली असं वाटलं की स्टार्ट-स्टॉप बंद करते, रेडिओ लवकर मालवते, चार्जिंगही म्हाताऱ्या बॅटरीला मानवेल तसं करते.

"आणि नवी बसवली की?" मी विचारलं होतं.

"गाडीला कुठून कळणार आई? तिला सांगावं लागतं. स्कॅनर लावायचा आणि सांगायचं, बाई गं, नवी बॅटरी आली, या जातीची, इतक्या ताकदीची. मग ती जुना इतिहास पुसते आणि नव्यानं मोजायला लागते. यालाच रजिस्टर करणं म्हणतात."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर नव्या सुनेला मागच्या आजारी सासूचं पथ्य देत बसेल. मऊ भात आणि काढा. चार दिवसांत नवी सूनही अंथरुणाला."

सासूचा दाखला तिनं माझ्यासमोर दिला, हे मी लक्षात ठेवलंय.

तर वन्संची बॅटरी त्या दिवशी बदलायची होती. मुक्यानं बॉनेट उघडलं, दुसऱ्या बॅटरीची तार जोडून ठेवली, म्हणजे अदलाबदलीत गाडीची वीज तुटू नये, घड्याळबिड्याळ विसरू नये. जुनी उचलली, तशाच जातीची आणि तेवढ्याच ताकदीची नवी बसवली. मास्तरांच्या गाडीत टायरच्या हवेचा पिवळा दिवा लागत होता, म्हणून त्याआधी मुक्यानं त्या गाडीच्या स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये डोंगल लावून दिव्याचं कारण बघितलं होतं. डोंगल म्हणजे काडेपेटीएवढं यंत्र. ते गाडीशी बोलतं आणि सुनेच्या हातातल्या टॅबलेटला सगळं बिनतारी सांगतं. हवा भरून झाली. डोंगल मात्र तिथंच राहिलं.

मास्तर आणि भिंगरी गाडीतच बसून होते. चावी फिरवलेली, इंजिन बंद. मास्तर डॅशबोर्डवरच्या एकेका दिव्याची तिची तोंडी परीक्षा घेत होते.

"हा?"

"हँडब्रेक."

"हा, ए अक्षर आणि भोवती गोल बाण?"

"स्टार्ट-स्टॉप. हा लागला की इंजिन गाडीनं मुद्दाम बंद केलंय. पण मास्तर, आपल्या गाडीत सिग्नलला हा कधी लागतच नाही."

"बॅटरी जुनी झालीय म्हणून. तुझी आई मागे लागलीय बदला बदला. चालतंय तोवर चालवायचं. हा?"

इकडे सून वन्संच्या गाडीत बसली, टॅबलेट मांडीवर. तिला वाटलं मुक्यानं डोंगल इकडे लावलं असणार. टॅबलेटवर गाडी दिसत होती, मॉडेल तेच, वर्ष तेच. शंका यायला जागा कुठे? तरी आमच्या गॅरेजची एक रीत आहे. रजिस्टर करण्याआधी टॅबलेटवर दिसणारे चेसिस नंबरचे शेवटचे चार आकडे मोठ्यानं वाचायचे, आणि बाहेर उभ्या माणसानं पुढच्या काचेखालच्या पट्टीवरचे आकडे ताडून "बरोबर" म्हणायचं. त्याशिवाय बटण दाबायचं नाही.

बाहेर उभ्या होत्या वन्सं.

"सात, शून्य, चार, एक," सून आतून म्हणाली.

वन्संचं तेव्हा माझ्याशी लोणच्यावरून चाललं होतं. म्हणजे लोणचं कुणाचं बिघडलं यावरून. त्यांनी काचेकडे बघितलं, ते त्यांच्या केसांसाठी, आणि म्हणाल्या, "बरोबर." आयुष्यभर वह्या तपासल्यात ना, बरोबरची खूण हाताच्या आधी तोंडातून पडते.

सुनेनं बटण दाबलं. टॅबलेट म्हणाला, झालं. तेवढ्यात मास्तरांनी गाडी काढायला सांगितली, भिंगरीनं मला हात केला, मी दही-साखर म्हणून हातावर टेकवायला धावले आणि घाईत नुसती साखरच दिली. गाडी गेली.

थोड्या वेळानं सून वन्संच्या गाडीतलं डोंगल काढायला वाकली आणि तशीच वाकलेली राहिली.

"मुक्या. डोंगल कुठे?"

मुका तोंड उघडून उभा. त्याच्या जन्मात तो पहिल्यांदा गप्प झालेला मी पाहिला.

सॉकेट रिकामं होतं. सुनेनं टॅबलेट उघडला. शेवटचं काम: नवी बॅटरी रजिस्टर. चेसिस नंबर, शेवटी सात शून्य चार एक. मग ती बाहेर येऊन वन्संच्या काचेखाली वाकली. तिथं होतं, दोन सहा आठ नऊ.

"हे कुठले आकडे?" वन्सं म्हणाल्या.

"तुमच्या गाडीचे, आत्या. मी वाचले ते मास्तरांच्या गाडीचे होते."

सून माझ्याकडे वळली तेव्हा तिच्या चेहऱ्याचा रंग त्या दोन गाड्यांसारखा झाला होता.

"एवढं काय झालं?" मी म्हणाले. "परत कर. आत्यांची गाडी आता रजिस्टर कर, संपलं."

"आत्यांच्या गाडीचं काही नाही हो आई. ती आज नाही तर उद्या होईल. ती दुसरी गाडी... तिची बॅटरी मेलेल्यात जमा आहे. गाडीला ते माहीत होतं, म्हणून ती बिचारी इतके महिने सिग्नलला इंजिन बंद करत नव्हती. मी तिला सांगितलं, तुझी बॅटरी नवी आहे. इतिहास पुसला. आता ती पहिल्याच सिग्नलला इंजिन बंद करणार. आणि मग चालू व्हायला ती बॅटरी पुरणार नाही. त्यात सकाळभर चावी फिरवून बसलेत दोघं, दिवे लावून."

"गाडीला कळेल ना ते?"

"कळेल. दोन-चार दिवस मोजमाप केलं की कळेल. परीक्षा आज आहे."

म्हाताऱ्या बॅटरीला आम्ही बाशिंग बांधून घोड्यावर बसवलं होतं, आणि लगाम होता माझ्या नातीच्या हातात. परीक्षेत गाडी सिग्नलला बंद पडली, मागून हॉर्न सुरू झाले, की संपलं. तिसऱ्यांदा नापास, आणि रक्तपेढीची गाडी दुसऱ्याची.

मी फोन फिरवला. भिंगरीचा बंद, परीक्षेला फोन जमा करावा लागतो. मास्तरांचा वाजला, वाजत राहिला.

"बसा," वन्सं म्हणाल्या. चावी त्यांच्या हातात होती. "माझी गाडी तरी धावेल ना?"

"धावेल. नवी बॅटरी आहे, फक्त गाडीला ते माहीत नाही. धावण्यात काही अडचण नाही."

"मग तिला नंतर सांगू. बस."

मागच्या सीटवर मी, पुढे सून टॅबलेट घेऊन, चाकावर वन्सं. त्यांनी गाडी अशी काढली की रस्त्यावरची एक मांजर अजून त्या बाजूला जात नाही. मी एक मंत्र म्हणत होते, तो कुठल्या देवाचा ते मला वळणावळणाला बदलावं लागत होतं. एका गल्लीत भाजीच्या हातगाडीवरचा कोबी उडाला आणि थेट माझ्या मांडीत येऊन बसला. संध्याकाळी त्याची भाजी केली.

"आत्या, हळू," सून म्हणाली.

"हळू जाणाऱ्यांना मी वर्गाबाहेर उभं करायची."

परीक्षेचं मैदान आलं. फाटकापाशी बाकावर मास्तर एकटेच बसलेले, फोन शर्टाच्या खिशात, आवाज बंद. गाडी नव्हती.

"गेली आत्ताच," ते म्हणाले. "मैदानातलं सगळं झकास केलं तिनं. आता परीक्षा घेणाऱ्या साहेबांना घेऊन रस्त्यावर गेलीय."

सुनेनं दोन वाक्यांत सांगितलं. मास्तर उठून उभे राहिले आणि पुन्हा बसले.

"मैदानात इंजिन बंद नाही पडलं?" सुनेनं विचारलं.

"मैदानात ती न्यूट्रलला थांबलीच कुठे? सगळं पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. न्यूट्रल लागणार तो मोठ्या चौकात. तिथला लाल दिवा लांब असतो."

"तिला सांगायला हवं. एक बटण आहे, स्टार्ट-स्टॉप बंद करायचं. ते दाबलं की झालं."

मास्तरांनी मान हलवली. "परीक्षा चालू असताना बाहेरच्या माणसानं उमेदवाराशी बोलायचं नाही. खूणसुद्धा नाही. साहेब कडक आहेत. तुम्ही काचेवर टकटक केलीत की तिथल्या तिथे नापास."

म्हणजे बोललं तरी बुडणार, नाही बोललं तरी बुडणार. सून गाडीकडे वळली आणि म्हणाली, "आत्या, मोठ्या चौकाकडे."

चौकाच्या अलीकडे आम्ही तिला गाठलं. टपावरचा फलक दिसला. दिवा लाल. भिंगरीची गाडी सगळ्यांत पुढे, थांब्याच्या रेषेवर. मध्ये एक जागा मोकळी होती, वन्संनी तिथं गाडी घुसवली, अगदी तिच्या मागे. आमच्या मागे एक ट्रक येऊन टेकला.

सुनेच्या मांडीवरच्या टॅबलेटनं टुणकन आवाज केला. डोंगल अजून त्याच गाडीत होतं ना. जवळ आल्यावर त्यानं ओळख दिली. पडद्यावर आकडे हलायला लागले.

"चौदा पॉइंट दोन व्होल्ट," सून पुटपुटली. "इंजिन चालू आहे अजून. चार्जिंग चालू आहे."

"यावरून बंद करता येतं का काही?" वन्संनी विचारलं.

"चालत्या गाडीत हात घालायचा नसतो, आत्या. नुसतं बघता येतं."

समोरच्या गाडीच्या धुराड्यातून हलकी वाफ येत होती. मी त्या वाफेकडे बघत बसले. क्लच सोडू नकोस गं, मनात म्हणत होते. पाय ठेव. गिअरमध्येच राहा.

पण पोरगी चांगली शिकलेली. लांबच्या दिव्याला न्यूट्रल करायचं, क्लच सोडायचा, मास्तरांनी घोटून घेतलेलं.

वाफ थांबली.

"बारा," सून म्हणाली. "अकरा पॉइंट आठ. एसीचा पंखा, समोरचे दिवे, सगळं बॅटरीवर. अकरा पॉइंट सहा."

दिवा हिरवा झाला.

भिंगरीनं क्लच दाबला असणार. समोरून एक आवाज आला, म्हातारा माणूस खुर्चीतून उठताना करतो तसा, आणि अर्ध्यात राहिला. टॅबलेटवर आकडा आठाच्या खाली गेला, मग परत वर आला. ब्रेकचे लाल दिवे मंद झाले, उजळले. गाडी जागच्या जागी.

बाजूच्या रांगेतल्या गाड्या निघाल्या. आमच्या मागच्या ट्रकनं हॉर्न दिला. नुसता हॉर्न नव्हे, भोंगा. समोरच्या काचेतून मला भिंगरीचे खांदे दिसत होते. ते वर आले, कानांपर्यंत. मला तिची ती सवय माहीत आहे. एवढीशी असताना विजा चमकल्या की अशीच व्हायची.

"गेलं," सून म्हणाली. तिनं दाराच्या हँडलवर हात ठेवला. "मी जाते. माझ्या चुकीनं..."

"बस खाली," वन्सं म्हणाल्या. "तिच्याशी बोलायचं नाही, असं आहे ना? ट्रकशी बोलायचं नाही, असं कोण म्हणालं?"

आणि त्या उतरल्या.

त्यांनी आमच्या गाडीचे चारही दिवे लुकलुकते ठेवले, पदर खोचला, आणि ट्रकसमोर जाऊन उभ्या राहिल्या. पाच फूट उंची, चष्मा, मोतीचूर रंगाची साडी. हात वर. ट्रकवाल्यानं मान बाहेर काढली.

"ओ मावशी, बाजूला व्हा की."

"हॉर्नवरचा हात आधी काढ."

"पुढची हलत नाही तर काय करू?"

"आधी एक सांग. तुझा हॉर्न ऐकून ती हलेल? हलेल का? मला उत्तर दे. पूर्ण वाक्यात."

ट्रकवाल्यानं हॉर्नवरचा हात काढला. त्याच्या मागचा स्कूटरवाला एकदा वाजवायला गेला, वन्संनी नुसतं त्याच्याकडे बघितलं, आणि त्यानं हात मागे घेतला. शेवटी सगळा रस्ता, तुम्हाला सांगते, सकाळच्या पहिल्या तासासारखा शांत झाला. ट्रकवाल्यानं तर दोन्ही कान धरले.

त्या शांततेत समोरच्या गाडीतले खांदे हळूहळू खाली आले.

सून टॅबलेटला डोळे लावून. "तिनं दिवे बंद केले," ती कुजबुजली. "पंखा बंद. एसी बंद." समोरच्या गाडीचेही चार दिवे लुकलुकले. "चावी बंद केली. आता पडद्यावर काही येणार नाही. थांबली आहे ती. श्वास घेऊ देतेय बॅटरीला. शाबास. घाई करू नकोस."

"हे कुणी शिकवलं तिला?" मी विचारलं.

"कुणी नाही. आपल्या घरात वाढलीय ना. बॅटरी मेली की आपण सगळं बंद करून थोडं थांबतो आणि मग मारतो, हे तिनं शंभरदा बघितलंय."

दिवा परत लाल झाला, तोही लांबवाला. कोणी हलेना. वन्सं ट्रकसमोर तशाच. मी माझ्या मांडीतला कोबी इतका आवळून धरला होता की त्याची वरची पानं सुटली.

पडदा पुन्हा जागा झाला. "बारा पॉइंट एक," सून म्हणाली, आणि पुढे काही म्हणालीच नाही.

म्हातारा माणूस खुर्चीतून उठायला लागला. कण्हला. थांबतोय असं वाटलं. मग, गुडघ्यावर हात ठेवून उठावं तसा, उठला. धुराड्यातून भस्सकन धूर आला.

"चौदा," सून म्हणाली आणि तिच्या डोळ्यातून पाणी टॅबलेटवर पडलं.

हिरवा झाला. भिंगरीची गाडी निघाली, अशी अलगद की टपावरचा फलकसुद्धा हलला नाही. वन्सं आल्या, बसल्या, ट्रकवाल्याला आरशातून मान डोलावली. पुढच्या दोन चौकांत भिंगरीनं इंजिन बंद होऊ दिलं नाही. आकडा चौदावरून खाली आलाच नाही. बटण तिला सापडलं होतं.

मैदानाच्या फाटकाशी साहेब गाडीतून उतरले. लांब नाकाचे, तोंडावर काही न दाखवणारे. आम्ही चौघं, मास्तर धरून, रांगेत उभे. भिंगरी चाकामागेच बसून, दोन्ही हात अजून स्टिअरिंगवर.

"मध्ये गाडी बंद पडली," साहेब मास्तरांना म्हणाले. 

"हो साहेब. म्हणजे ती... गाडीचा दोष..."

"ते ती मलाही म्हणाली. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, हा ए लागलाय, म्हणजे मी बंद पाडली नाही, गाडीनं मुद्दाम बंद केलं, पण या गाडीत हा दिवा लागायलाच नको होता, बॅटरी फार जुनी आहे. जरा सगळं बंद करून थांबते, चालेल का? मी म्हटलं, चालव तुझ्या पद्धतीनं." साहेबांनी आमच्याकडे, मग वन्संकडे बघितलं. "मागे कोणीतरी रस्ता अडवला होता, ते मी आरशात बघत होतो. त्यांच्याशी उमेदवार बोललेली नाही. बंद पडलेली गाडी शांतपणे चालू करणं परीक्षेत नाही, असायला हवं. पास."

भिंगरीनं हात स्टिअरिंगवरून काढले. मग ती उतरली आणि आईच्या गळ्यात पडली, आणि सून तिला म्हणत राहिली, "मी केलं गं ते, मी रजिस्टर केलं चुकीच्या गाडीत," आणि भिंगरी म्हणाली, "मला वाटलंच. डोंगलचा निळा दिवा माझ्या गुडघ्यापाशी लुकलुकत होता. आई, तुझ्याच गॅरेजचं यंत्र आहे ते, नाव आहे त्यावर. मी म्हटलं, आई काहीतरी करून बसली."

गॅरेजात परत आल्यावर दोन कामं झाली. मास्तरांनी आढेवेढे न घेता नवी बॅटरी मागवली, आणि ती बसवून त्यांच्या गाडीत पुन्हा, यावेळी खरी, रजिस्टर झाली. पुसलेला जुना इतिहास काही परत येत नाही, पण नव्या बॅटरीला तो हवाय कुणाला. मग डोंगल वन्संच्या गाडीत आलं. चावी फिरवली, इंजिन बंद.

"दोन, सहा, आठ, नऊ," सून आतून म्हणाली.

वन्संनी चष्मा काढला, पुसला, लावला. काचेवर नाक टेकवून एकेक आकड्यावर बोट ठेवलं. मुका बोलायला लागला, त्याला त्यांनी हातानं थांबवलं. मग म्हणाल्या, "बरोबर." आणि बटण दाबल्यावर, सगळ्यांसमोर, हळूच म्हणाल्या, "सकाळी चुकलं माझं. आणि लोणचंही माझंच बिघडलं होतं."

भिंगरी आता रक्तपेढीची गाडी चालवते. तिला सगळे वाट देतात.

आता तुम्ही असे बघताय म्हणून सांगते. सगळं खरं आहे. कोबी खरा, ट्रकवाल्यानं धरलेले कानही खरे, त्याला विचारा. फक्त ते शेवटचं, वन्सं चुकलं म्हणाल्या, ते मी घातलंय. त्या आजतागायत म्हणाल्या नाहीत. बटण दाबल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं, चष्मा डबीत ठेवला, आणि एवढंच विचारलं, "वहिनी, लोणच्याला मीठ किती घालतेस गं तू?"